लहान लॅपटॉपवर डॅशबोर्ड कापलेला का दिसतो आणि ते व्यवस्थापकाला कसे कळवावे

घरून काम करणाऱ्या कर्मचारी स्त्रीला सामायिक डॅशबोर्डची लिंक मिळते. ती उघडल्यावर उजवीकडचा एखादा स्तंभ अर्धाच दिसतो आणि खालची सारणी स्क्रीनच्या बाहेर जाते. तीच लिंक कार्यालयातल्या व्यवस्थापकाच्या मोठ्या मॉनिटरवर मात्र संपूर्ण दिसते. ‘डॅशबोर्ड नीट दिसत नाही’ असे तिने कळवले, की व्यवस्थापक स्वतःच्या स्क्रीनवर पाहून ‘माझ्याकडे तर व्यवस्थित दिसतो’ असे उत्तर देतो. दोघांचेही निरीक्षण खरे असते आणि तरी प्रश्न पुढे सरकत नाही, कारण दोघांच्या स्क्रीनवर डॅशबोर्डला मिळणारी जागा किती, हे त्या बोलण्यात आलेलेच नसते. ही जागा कशावर ठरते, कापले जाण्याचे प्रकार कसे ओळखायचे, कर्मचाऱ्याच्या हातात कोणते उपाय आहेत आणि डॅशबोर्ड बनवणाऱ्याने काय बदलायला हवे, याचा हा आढावा आहे. उदाहरण पॉवर बीआयचे घेतले आहे. त्यात ज्याला रिपोर्ट म्हणतात, त्यालाच बहुतेक कार्यालयांत डॅशबोर्ड म्हटले जाते.

खोक्यावरचा आकडा आणि प्रत्यक्ष जागा

लॅपटॉपच्या खोक्यावर ‘फुल एचडी’ किंवा १९२० × १०८० असे छापलेले असते. काचेमागे आडवे आणि उभे किती ठिपके आहेत, एवढेच त्यावरून कळते. वेब पान मात्र या ठिपक्यांच्या हिशेबाने मांडले जात नाही. चौदा इंची स्क्रीनवर १९२० ठिपके दाटीवाटीने बसलेले असतात. एका ठिपक्याला एक पिक्सेल असे धरून अक्षरे काढली, तर ती वाचता येणार नाहीत इतकी बारीक होतील. म्हणून विंडोज सगळेच मोठे करून दाखवते. या सोयीला स्केलिंग म्हणतात आणि चौदा इंची फुल एचडी लॅपटॉपवर विंडोज बहुधा १५० टक्के स्केलिंगची शिफारस करते.

स्केलिंग १५० टक्के असेल, तर ब्राउझरच्या दृष्टीने स्क्रीनची रुंदी १९२० भागिले १.५, म्हणजे १२८० उरते आणि उंची १०८० भागिले १.५, म्हणजे ७२०. हाच स्क्रीनचा प्रभावी आकार. तोच लॅपटॉप १२५ टक्क्यांवर ठेवला, तर प्रभावी आकार १५३६ × ८६४ होतो. मॅकबुकवरही हीच पद्धत असते. तेरा इंची मॅकबुक एअरच्या २५६० × १६०० ठिपक्यांच्या स्क्रीनवर सुरुवातीची मांडणी १४४० × ९०० एवढ्या जागेची असते. जुन्या लॅपटॉपांवर १३६६ × ७६८ ची स्क्रीन सर्रास आढळते आणि तिथे स्केलिंग बहुधा १०० टक्केच असते. म्हणजे दाट ठिपक्यांच्या नव्या लॅपटॉपवर १५० टक्क्यांना मिळणारी जागा या जुन्या स्क्रीनपेक्षाही थोडी कमी भरते. नवा लॅपटॉप दिला तरी तक्रार जात नाही, ती यामुळे.

प्रभावी आकारही पूर्णपणे डॅशबोर्डच्या वाट्याला येत नाही. विंडोज ११ चा टास्कबार ४८ पिक्सेल उंचीचा असतो. ब्राउझरचे टॅब आणि पत्त्याची पट्टी मिळून साधारण ८५ पिक्सेल जातात. बुकमार्कची पट्टी चालू असेल, तर आणखी तीसेक. त्याखाली पॉवर बीआयच्या स्वतःच्या वरच्या पट्ट्या येतात, डावीकडे पाने आणि इतर मजकूर उघडण्याची पट्टी असते, उजवीकडे Filters फलक असतो. हे सगळे भाग मोठ्या मॉनिटरवरही जवळपास तेवढीच जागा घेतात. २५६० पिक्सेल रुंदीतून ३०० गेले तर फारसे जाणवत नाही. १२८० मधून तेवढेच गेले, की जवळपास चौथा हिस्सा संपतो.

डॅशबोर्ड स्वतःचा आकार कसा ठरवतो

उरलेल्या जागेत डॅशबोर्ड कसा बसतो, हे तो बनवताना निवडलेल्या दोन गोष्टींवर ठरते. पहिली म्हणजे कॅनव्हासचा आकार. पॉवर बीआयमध्ये नव्या पानाचा आकार १२८० × ७२० असतो, पण Canvas settings मध्ये Custom निवडून तो हवा तेवढा करता येतो. मोठ्या मॉनिटरवर काम करणारा माणूस एकाच पानावर जास्त आलेख बसावेत म्हणून तो १९२० × १०८० करतो, कधी त्याहूनही मोठा.

दुसरी गोष्ट म्हणजे पान दाखवण्याची पद्धत. View मेनूत तीन पर्याय असतात. Fit to page निवडले, तर संपूर्ण पान उपलब्ध जागेत मावेल इतके लहान किंवा मोठे होते. Fit to width मध्ये रुंदी जुळवली जाते आणि उंची जास्त झाली तर उभे सरकवावे लागते. Actual size मध्ये काहीही लहान होत नाही, जे मावत नाही ते स्क्रीनबाहेर राहते. रिपोर्ट बनवणाऱ्याने Actual size ठेवून तो प्रकाशित केला, तर लिंक उघडणाऱ्याला तो तसाच दिसतो. कापल्याची तक्रार बहुतेक वेळा मोठा कॅनव्हास आणि Actual size या जोडीतून येते.

इतर साधनांतही हीच निवड वेगळ्या नावांनी आढळते. टॅब्लोमध्ये डॅशबोर्डचा आकार स्थिर, ठरावीक मर्यादेत बदलणारा किंवा आपोआप जुळणारा ठेवता येतो. स्थिर आकार आणि लहान खिडकी एकत्र आली, की तिथेही दोन्ही बाजूंना सरकपट्ट्या उगवतात. टॅब्लोत टॅब्लेट आणि फोनसाठी वेगळ्या मांडण्या ठेवलेल्या असतील, तर चौकटीच्या लहान बाजूवरून मांडणी निवडली जाते. त्यामुळे कमी उंचीच्या लॅपटॉपवर टॅब्लेटची मांडणी उघडून काही आलेख गायब झाल्यासारखे वाटू शकते. पॉवर बीआयची मोबाइल मांडणी मात्र फोनवरच्या ॲपसाठी असते. ती तयार केल्याने लॅपटॉपवरचे कापणे थांबत नाही.

कापण्याचे प्रकार कसे ओळखावेत

व्यवस्थापकाला लिहिण्याआधी नेमके काय घडते आहे हे ठरवावे लागते, कारण वरवर सारख्या दिसणाऱ्या तक्रारींची कारणे वेगळी असतात.

खाली आणि उजवीकडे सरकपट्टी दिसत असेल आणि सरकवल्यावर हरवलेला भाग सापडत असेल, तर डॅशबोर्ड पूर्ण आहे, जागा कमी पडते आहे. हा सर्वांत नेहमीचा प्रकार. सरकपट्टी नसताना भाग दिसत नसेल, तर डॅशबोर्ड दुसऱ्या एखाद्या पानात, उदाहरणार्थ कंपनीच्या अंतर्गत संकेतस्थळात, ठरावीक मापाच्या चौकटीत बसवलेला असण्याची शक्यता असते. त्या चौकटीबाहेरचा भाग झाकला जातो आणि दुरुस्ती ते पान सांभाळणाऱ्याकडेच होऊ शकते. सगळे दिसते पण अक्षरे बारीक आणि कडेला रिकामे पट्टे, असे असेल तर Fit to page चालू आहे. तिथे तक्रार कापण्याची नसून वाचता न येण्याची आहे.

चौथ्या प्रकारात चौकट पूर्ण दिसते, पण आतला आकडा तीन टिंबांवर संपतो किंवा सारणीच्या शेवटच्या ओळी तिच्या आतल्या सरकपट्टीत दडतात. हा दोष त्या आलेखाच्या आखणीत असतो आणि तो व्यवस्थापकाच्या स्क्रीनवरही शोधल्यास सापडतो. पाचवा प्रकार परवानगीचा. एखाद्या विभागाचे आकडे पाहण्याची मुभा नसेल, तर आलेखाची चौकट जागेवर असते, आत मात्र त्रुटीचा संदेश, रिकामी जागा किंवा कमी ओळी दिसतात. स्क्रीनच्या कडेने सरळ रेषेत कापलेला आलेख परवानगीमुळे तसा होत नाही. हा फरक संदेशात लिहिणे फार उपयोगी ठरते, कारण व्यवस्थापकाच्या मनात पहिली शंका बहुधा परवानगीचीच येते.

एक उदाहरण आकड्यांसह

सांगलीत घरून काम करणारी एक विक्री विश्लेषक आणि पुण्याच्या कार्यालयातला तिचा व्यवस्थापक, असे उदाहरण घेऊ. विभागवार विक्रीचा रिपोर्ट १९२० × १०८० कॅनव्हासवर बनवलेला आहे आणि Actual size वर प्रकाशित केलेला आहे. व्यवस्थापकाचा मॉनिटर सत्तावीस इंची, २५६० × १४४० चा, स्केलिंग १०० टक्के. विश्लेषकाचा लॅपटॉप चौदा इंची, १९२० × १०८० चा, स्केलिंग १५० टक्के.

व्यवस्थापकाकडे १४४० उंचीतून टास्कबारचे ४८, ब्राउझरचे ८५ आणि पॉवर बीआयच्या पट्ट्यांचे सुमारे ९५ वजा केले, तर १२१२ उरतात. रुंदीतून बाजूच्या फलकांचे सुमारे ३०० गेले, तर २२६० उरतात. १९२० × १०८० चे पान यात आरामात मावते आणि भोवती जागाही राहते. विश्लेषकाकडे तोच हिशेब १२८० × ७२० पासून सुरू होतो आणि हाती सुमारे ९८० × ४९० एवढीच जागा लागते. म्हणजे पानाची रुंदी जेमतेम निम्मी आणि उंची निम्म्याहून कमी दिसते. क्षेत्रफळाने पाहिले, तर एका वेळी पानाचा चौथा हिस्साही तिच्यासमोर नसतो. या रिपोर्टमध्ये उद्दिष्टाचा स्तंभ उजव्या टोकाला आणि वितरकांच्या थकबाकीची सारणी तळाला आहे. दोन्ही तिच्या पहिल्या नजरेत येत नाहीत. बैठकीत ‘तिसऱ्या विभागाची थकबाकी पाहा’ असे म्हटल्यावर ती शोधत राहते आणि बाकीचे पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात.

गैरसमजाचे मूळही याच उदाहरणात दिसते. रिपोर्ट १९२० × १०८० चा आणि लॅपटॉपही १९२० × १०८० चा, तेव्हा तो मावायलाच हवा, असे व्यवस्थापकाला वाटणे स्वाभाविक आहे. तिने स्क्रीनशॉट पाठवला, तर ही समजूत आणखी पक्की होण्याचा धोका असतो, कारण संपूर्ण स्क्रीनचा स्क्रीनशॉट काचेवरच्या ठिपक्यांइतका, म्हणजे १९२० × १०८० चाच निघतो. त्या चित्रात स्केलिंग किती होते हे कुठेही लिहिलेले नसते. म्हणून स्क्रीनशॉटच्या जोडीला रिझोल्यूशन आणि स्केलिंग हे दोन्ही आकडे लिहून देणे आवश्यक ठरते.

हे आकडे विंडोजमध्ये Settings, मग System, मग Display या ठिकाणी Scale आणि Display resolution या नावांनी मिळतात. ब्राउझरचे झूम `Ctrl+0` दाबून १०० टक्क्यांवर आणल्यावर, कंपनीने मुभा दिली असेल तर `F12` ने उघडणाऱ्या Console मध्ये पुढची एक ओळ लिहूनही तेच कळते.

```
screen.width + " x " + screen.height + " @ " + devicePixelRatio
```

या उदाहरणातल्या लॅपटॉपवर उत्तर `1280 x 720 @ 1.5` असे येईल. झूम आधी पूर्ववत करण्याचे कारण असे, की शेवटच्या आकड्यात स्केलिंग आणि ब्राउझरचे झूम या दोन्हींचा गुणाकार येतो.

कर्मचाऱ्याच्या हातातले उपाय आणि त्यांची मर्यादा

पहिला उपाय म्हणजे Filters फलक मिटवणे आणि View मेनूतून Fit to width निवडणे. उदाहरणातल्या लॅपटॉपवर त्यामुळे सुमारे १२१० पिक्सेल रुंदी मिळते आणि पान ६३ टक्क्यांवर येते. आडवे सरकवणे थांबते, उभे सरकवणे राहते. Fit to page निवडले, तर अडचण उंचीची होते आणि पान ४५ टक्क्यांवर जाते. मूळ १२ पिक्सेलचे, म्हणजे ९ पॉइंटचे अक्षर साडेपाच पिक्सेलचे होते आणि ते वाचता येत नाही.

दुसरा उपाय पूर्ण स्क्रीनचा. View मेनूतल्या Full screen ने सगळ्या पट्ट्या नाहीशा होतात आणि १२८० × ७२० ची पूर्ण जागा मिळते. दोन्हींचे प्रमाण १६:९ असल्याने संपूर्ण पान ६७ टक्क्यांवर नेमके बसते. तरीही १२ पिक्सेलचे अक्षर काचेवर सुमारे १.९ मिलिमीटरचे होते. व्यवस्थापकाच्या मॉनिटरवर तेच २.८ मिलिमीटरचे असते. शिवाय पूर्ण स्क्रीनवर असताना शेजारी बैठकीची खिडकी किंवा एक्सेल ठेवता येत नाही.

तिसरा उपाय म्हणजे ब्राउझरचे झूम ६७ टक्के करणे किंवा विंडोजचे स्केलिंगच उतरवणे. पान त्यामुळे अधिक मावते, पण अक्षरे त्याच प्रमाणात बारीक होतात. स्केलिंग उतरवले, तर मेल, चॅट आणि इतर सगळ्या प्रोग्रामांतलीही अक्षरे लहान होतात. दिवसभर ज्या आकारात डोळ्यांना त्रास होत नाही, तो आकार एका रिपोर्टसाठी सोडून देण्याची अपेक्षा रास्त नाही. बाहेरचा मॉनिटर जोडणे हा खरा उपाय आहे, पण तो खर्चाचा आणि घरातल्या जागेचा प्रश्न आहे. प्रवासात किंवा गावी गेल्यावर तोही उपयोगी पडत नाही.

व्यवस्थापकाला पाठवायचा संदेश

चांगल्या संदेशात पाच गोष्टी येतात: काय दिसत नाही, काय बिघडलेले नाही, कारण, आतापर्यंत काय करून पाहिले आणि नेमके काय हवे आहे. वरच्या उदाहरणातला संदेश असा लिहिता येईल.

> सर, विभागवार विक्रीचा डॅशबोर्ड माझ्या लॅपटॉपवर एका वेळी पूर्ण दिसत नाही. उजवीकडचा उद्दिष्टाचा स्तंभ आणि खालची थकबाकीची सारणी स्क्रीनबाहेर जाते. सरकवल्यावर दोन्ही दिसतात, त्यामुळे आकड्यांचा किंवा परवानगीचा प्रश्न नाही.
>
> कारण असं आहे: डॅशबोर्डचं पान १९२० × १०८० चं आहे आणि ते Actual size वर आहे. माझी स्क्रीन १९२० × १०८० ची असली तरी चौदा इंची असल्यामुळे विंडोजचं स्केलिंग १५० टक्के आहे. म्हणून ब्राउझरला १२८० × ७२० एवढीच जागा मिळते. तुमच्या मॉनिटरवर ब्राउझरचं झूम २०० टक्के केलंत, तर मला साधारण काय दिसतं ते लगेच कळेल.
>
> Filters मिटवून Fit to width आणि Full screen दोन्ही करून पाहिलं. पान बसतं, पण आकडे वाचायला फार बारीक होतात. डॅशबोर्डच्या टीमला पान १२८० × ७२० चं करून Fit to width वर प्रकाशित करायला सांगता येईल का? तेवढं नाही जमलं, तर निदान उद्दिष्ट आणि थकबाकी वरच्या भागात घेतली तरी माझं काम होईल. सोमवारच्या आढाव्याआधी झालं तर बरं. टास्कबारसह पूर्ण स्क्रीनचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.

यातले सर्वांत परिणामकारक वाक्य २०० टक्के झूमचे आहे. व्यवस्थापकाच्या २५६० रुंदीच्या स्क्रीनवर झूम दुप्पट केले, की ब्राउझरच्या हिशेबाने रुंदी १२८० होते आणि लॅपटॉपवरची अवस्था त्याला स्वतःच्या टेबलावर दिसते. उंची थोडी जास्त मिळते, पण कल्पना येण्यापुरते ते पुरेसे असते. मॉनिटर वेगळा असेल, तर त्याच्या रुंदीला १२८० ने भागून झूम काढावे. १९२० रुंदीच्या मॉनिटरसाठी ते १५० टक्के येते.

स्क्रीनशॉट टास्कबारसह पूर्ण असावा, फक्त कापलेल्या भागाचा नसावा, कारण किती जागा कशाने व्यापली आहे हे पूर्ण चित्रातच कळते. डॅशबोर्डवर ग्राहकांची नावे किंवा रकमा असतील, तर तो कार्यालयाच्या खात्यावरूनच पाठवावा आणि नावे झाकावीत. मागणीत दुसरा, लहान पर्याय ठेवल्याचा फायदा असा, की संपूर्ण पान बदलायला वेळ लागणार असला तरी दोन महत्त्वाचे भाग वर हलवण्याचा निर्णय त्याच दिवशी घेता येतो.

डॅशबोर्ड बनवणाऱ्याच्या बाजूचे काम

खरी दुरुस्ती रिपोर्टच्या आखणीत होते. कॅनव्हास १२८० × ७२० चा ठेवला, तर उदाहरणातल्या लॅपटॉपवर Filters मिटवून Fit to width मध्ये पान सुमारे ९५ टक्क्यांवर दिसते आणि १२ पिक्सेलचे अक्षर ११ पिक्सेलहून अधिक राहते. Full screen मध्ये ते पूर्ण आकाराचे दिसते. मोठ्या मॉनिटरचे यात काही बिघडत नाही, कारण जुळवून घेणाऱ्या दोन्ही पर्यायांत पान मोठेही होते आणि व्यवस्थापकाला तीच अक्षरे अधिक ठळक दिसतात. लहान कॅनव्हास मोठ्या स्क्रीनवर ताणला जाऊ शकतो. मोठा कॅनव्हास मात्र लहान स्क्रीनवर वाचनीयता गमावल्याशिवाय आकसत नाही.

याची किंमतही मोजावी लागते. १२८० × ७२० चे क्षेत्रफळ १९२० × १०८० च्या ४४ टक्केच भरते. म्हणजे पानावरचे निम्म्याहून अधिक काही दुसऱ्या पानावर न्यावे लागते किंवा काढावे लागते. रोज लागणारे आकडे पहिल्या पानाच्या वरच्या डाव्या भागात, तपशिलाच्या सारण्या दुसऱ्या पानावर आणि Filters फलक सुरुवातीला मिटलेला, अशी विभागणी बहुतेक विक्री रिपोर्टांना पुरते. प्रकाशित करण्याआधी झूम वाढवून, खिडकी १२८० रुंदीच्या तोडीची करून पाहिली, की कापणे आधीच लक्षात येते.

वेब मजकुराच्या सुलभतेसाठीच्या डब्ल्यूसीएजी २.१ या २०१८ च्या मानकात ही अपेक्षा आणखी कडक शब्दांत आहे. १२८० रुंदीच्या खिडकीत ४०० टक्के झूम केल्यावर, म्हणजे ३२० पिक्सेल रुंदीतही, मजकूर दोन्ही दिशांना न सरकवता वाचता यायला हवा. नकाशे, आकृत्या आणि मोठ्या सारण्या अशा ज्यांचा अर्थच आडव्या-उभ्या मांडणीवर अवलंबून असतो, त्यांना यातून सूट आहे. डॅशबोर्डमधल्या सारण्या आणि आकृत्या त्या सवलतीत बसतात. त्यांच्या भोवतालची शीर्षके, सूचना आणि टिपा मात्र बसत नाहीत. कमी दिसणारा कर्मचारी स्केलिंग २०० टक्के ठेवतो, तेव्हा १९२० × १०८० च्या स्क्रीनवर त्याला ९६० × ५४० एवढीच जागा मिळते आणि लहान लॅपटॉपवर आलेली अडचण त्याच्यापुढे दुपटीने उभी राहते. १२८० साठी आखलेला रिपोर्ट त्याच्यासाठीही आदर्श नसतो, पण Fit to width मध्ये, फलक मिटवून, तो निदान एका दिशेने सरकवत वाचता येतो. १९२० साठी आखून Actual size वर सोडलेल्या रिपोर्टमध्ये तेवढीही सोय राहत नाही.